झिरो कूपन बाँड: पैसे हातात नाहीत तरी दरवर्षी टॅक्स, हा हिशोब नीट कसा करायचा

दर फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेतल्या मराठी मित्रमंडळींकडून मला साधारण एकच प्रश्न येतो. "अरे, मी झिरो कूपन घेतलाय, २०३४ ला मॅच्युअर होणार, आत्ता एक डॉलर मिळालेला नाहीये, मग हा १०९९-ओआयडी कशाचा आलाय?" आणि पुढचं वाक्य ठरलेलं, "मी तो भरलाच नाही, चुकून आला असेल म्हणून."

चुकून आलेला नाही. बाँड कमी किमतीत मिळतो आणि शेवटी पूर्ण दर्शनी किंमत हातात पडते, हा जो फरक आहे त्याला इश्यूच्या वेळचा डिस्काउंट म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांनी ओआयडी. आयआरएसच्या दृष्टीने ते व्याजच आहे आणि ते रोज थोडं थोडं चढतं, त्यामुळे ज्या वर्षात जेवढं चढलं तेवढं त्या वर्षाच्या इनकममध्ये दाखवावं लागतं. पैसे कधी मिळणार याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. बहुतेक चुका हे न कळल्यामुळे होत नाहीत, कळूनही पुढच्या पायऱ्या उलट्यासुलट्या केल्यामुळे होतात, म्हणून इथे फक्त पायऱ्या.

उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवतो. समजा न्यू जर्सीतल्या एका जोडप्याने मुलीच्या कॉलेजसाठी ट्रेझरी स्ट्रिप घेतली. सेटलमेंट १५ ऑगस्ट २०२४, मॅच्युरिटी १५ ऑगस्ट २०३४, दर्शनी किंमत २०,००० डॉलर, मोजले १३,४५९.४३ डॉलर. म्हणजे दहा वर्षांत चढणारं एकूण व्याज ६,५४०.५७ डॉलर.

## टप्पा १: आधी बघा, तुमच्याकडे नक्की काय आहे आणि कुठल्या खात्यात आहे

हे न बघता लोक थेट आकडेमोडीला बसतात आणि मग नको तिथे टॅक्स भरतात.

बाँड आयआरए किंवा ४०१(के) मध्ये असेल तर हा लेख इथेच बंद करा, तिथे दरवर्षी काही दाखवायचं नसतं. खरं सांगायचं तर झिरो कूपनसाठी तीच योग्य जागा, पण पैसे साठपर्यंत अडकवायचे नसतात म्हणून लोक साध्या ब्रोकरेज खात्यात घेतात आणि मग ही सगळी कटकट सुरू होते.

साध्या खात्यात असेल तर प्रकार बघा. एक वर्ष किंवा त्याहून कमी मुदतीचं ट्रेझरी बिल असेल तर आपल्यासारख्या पगारदार माणसाला दरवर्षी चढतं व्याज दाखवायची गरज नाही, मॅच्युअर झाल्यावर किंवा विकल्यावर एकदाच. ईई किंवा आय सेव्हिंग्ज बाँड असेल तर टॅक्स शेवटी भरायची मुभा आहे. म्युनिसिपल झिरो असेल तर फेडरल टॅक्स सहसा नाही, पण चढलेला डिस्काउंट बेसिसमध्ये मात्र मिळवत जावं लागतं, ते विसरू नका. बेसिस म्हणजे टॅक्सच्या हिशोबातली तुमची खरेदी किंमत, ती पुढे परत परत येणार आहे.

उरले दोन, ट्रेझरी स्ट्रिप आणि कंपनीचा झिरो कूपन बाँड. दोन्हींवर दरवर्षी टॅक्स, पण हिशोबाची सुरुवात वेगळी. स्ट्रिप म्हणजे मूळ ट्रेझरी बाँडमधून व्याजाचे आणि मुद्दलाचे तुकडे सुटे करून विकलेले, आणि कायदा असं धरतो की हा तुकडा तुम्ही विकत घेतला त्याच दिवशी, तुम्ही दिलेल्या किमतीलाच जन्माला आला. म्हणजे मधल्या मालकांनी काय दिलं ते तुम्हाला बघायचंच नाही. कंपनीच्या बाँडमध्ये मात्र घड्याळ पहिल्या इश्यूच्या दिवसापासून चालू असतं. तो तुम्ही मधूनच बाजारातून घेतला असेल आणि तोपर्यंतच्या चढलेल्या किमतीपेक्षा जास्त मोजले असतील तर तुमचा दरवर्षीचा आकडा थोडा कमी होतो. कमी मोजले असतील तर दरवर्षीचा आकडा तोच राहतो आणि वरची जादा सूट साधारणपणे शेवटी व्याजासारखीच टॅक्सेबल होते.

तपासा: ब्रोकरच्या होल्डिंग पानावर बाँडच्या नावात STRIPS, किंवा कूपनच्या जागी 0.000% दिसतंय का? दिसत असेल तर पुढे चला.

## टप्पा २: खरेदीची पावती काढून ठेवा, आजच

चार गोष्टी लागतात: सेटलमेंटची तारीख, मॅच्युरिटीची तारीख, दर्शनी किंमत, आणि प्रत्यक्ष मोजलेली एकूण रक्कम. यातलं शेवटचं लोक चुकतात, कारण स्क्रीनवर भाव "६७.२९७" असा शंभराच्या हिशोबाने असतो आणि तोच लिहून ठेवतात. कमिशन धरून खात्यातून किती गेले तो आकडा हवा.

पावतीची पीडीएफ वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, दहा वर्षांनी ब्रोकर बदललेला असेल, खातं ट्रान्सफर झालेलं असेल, आणि ट्रान्सफरमध्ये जुनी किंमत हरवणं हे मी स्वतः भोगलंय. नव्या खात्यात माझ्या बाँडसमोर किमतीच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती, आणि जुन्या ब्रोकरच्या ईमेल शोधत माझा एक पूर्ण शनिवार गेला.

## टप्पा ३: यील्ड काढा, मग वर्षाचा आकडा

सगळ्यात जास्त होणारी चूक इथली: ६,५४०.५७ भागिले दहा, दरवर्षी ६५४ डॉलर. चूक! व्याज सरळ रेषेत चढत नाही, चक्रवाढीने चढतं, म्हणजे सुरुवातीला कमी आणि शेवटी जास्त. आपल्या उदाहरणात पहिल्या बारा महिन्यांत ५४३.७६ चढतात आणि शेवटच्या बारा महिन्यांत ७७६.६२. भागाकार करून भरलंत तर सुरुवातीची वर्षं उगाच जास्त टॅक्स देता.

आधी यील्ड, म्हणजे तुमची रक्कम वर्षाला किती टक्क्यांनी चढते तो दर. ट्रेझरीचा हिशोब सहामाही असतो, म्हणजे दहा वर्षांत वीस सहामाही. एक्सेलमध्ये:

```
=2*((20000/13459.43)^(1/20)-1)
```

उत्तर ०.०४, म्हणजे वर्षाला ४ टक्के, सहामाहीला २. हा दर एकदा काढला की मॅच्युरिटीपर्यंत तोच, बाजारात व्याजदर कितीही नाचू देत, तुमचा हिशोब हलत नाही.

आता सहामाही सहामाही पुढे जा. १५ ऑगस्ट २०२४ ते १५ फेब्रुवारी २०२५: १३,४५९.४३ चे २ टक्के, २६९.१९. ते मुद्दलात मिळवा, झाले १३,७२८.६२. पुढची सहामाही १५ ऑगस्ट २०२५ पर्यंत: त्याचे २ टक्के, २७४.५७, झाले १४,००३.१९. त्याच्या पुढची, १५ फेब्रुवारी २०२६ पर्यंत, २८०.०६. आपल्याकडे रिइन्व्हेस्टमेंट एफडीचं व्याज मुद्दलात पडत जातं तसंच हे, फक्त पासबुकात नोंद दिसत नाही एवढंच.

आता अडचण अशी की टॅक्सचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं आणि सहामाही फेब्रुवारीत, त्यामुळे सहामाहीचा आकडा दिवसांवर फोडावा लागतो. १५ ऑगस्ट ते १५ फेब्रुवारी १८४ दिवस, त्यातले १३९ दिवस डिसेंबरअखेरपर्यंत. २६९.१९ भागिले १८४ गुणिले १३९, २०३.३६. हा २०२४ चा आकडा. उरलेले ६५.८३ गेले २०२५ मध्ये.

मग २०२५: मागचे ६५.८३, मधली अख्खी सहामाही २७४.५७, आणि पुढच्या सहामाहीतले १३९ दिवसांचे २११.५७. बेरीज ५५१.९७.

तपासा: खरेदी किंमत अधिक आतापर्यंतचे सगळे आकडे, म्हणजे १३,४५९.४३ + २०३.३६ + ५५१.९७ = १४,२१४.७६. दुसऱ्या बाजूने ऑगस्ट २०२५ चे १४,००३.१९ अधिक २११.५७, तेही १४,२१४.७६. दोन्ही जुळले तरच पुढे जा. पैशांचा किरकोळ फरक राउंडिंगचा असतो, तो सोडून द्या. ब्रोकर महिना ३० दिवसांचा धरत असेल तर थोडाफार फरक पडतो, त्यासाठी कोणाला फोन करत बसू नका.

## टप्पा ४: १०९९-ओआयडी आला की त्याच्यासमोर ठेवून बघा

ब्रोकरचा एकत्रित १०९९ साधारण फेब्रुवारीच्या मध्यात येतो, आणि बाँडवाल्यांचा बऱ्याचदा दुरुस्त होऊन परत येतो, म्हणून पहिल्या दिवशी रिटर्न भरायची घाई करू नका. त्यात ओआयडीचा वेगळा भाग असतो. रकाना १ मध्ये साधा ओआयडी, रकाना ८ मध्ये ट्रेझरीचा, रकाना ६ मध्ये बाजारातून जादा मोजल्याबद्दलची वजावट.

इथे लोकांची समजूत असते की फॉर्मवर छापलंय म्हणजे बरोबरच. स्ट्रिपच्या बाबतीत आयआरएसच्या पब्लिकेशन १२१२ मध्येच सांगितलंय की छापलेला आकडा तुमचा नसू शकतो, स्वतः काढा. कारण वर आलंच, प्रत्येक खरेदीदाराची किंमत वेगळी, यील्ड वेगळा. काही ब्रोकर तुमच्या किमतीवरून बरोबर काढतात, काही नाही. आपल्या जोडप्याला रकाना ८ मध्ये ५५२ च्या आसपास दिसलं तर ठीक. समजा ६१० दिसलं, तर तुमचा स्वतःचा आकडा घ्यायचा आणि फरक रिटर्नमध्ये दाखवायचा, कसा ते पुढच्या टप्प्यात.

सावधान: १०९९ आलाच नाही म्हणून टॅक्स नाही असं नसतं. रक्कम दहा डॉलरच्या आत असेल तर ब्रोकर फॉर्म पाठवतही नाही, कधी पत्ता बदललेला असतो. तुम्हाला मात्र दाखवायचंच आहे.

## टप्पा ५: रिटर्नमध्ये कुठे भरायचं

जागा शेड्यूल बी, भाग १, म्हणजे व्याजाचीच यादी. आकडा जुळत असेल तर ब्रोकरचं नाव आणि ५५१.९७, झालं.

जुळत नसेल तर थेट कमी आकडा लिहू नका. आयआरएसच्या कॉम्प्युटरला ब्रोकरने ६१० कळवलेत, तुम्ही ५५२ लिहिलेत की त्यांचं पत्र येतं. पद्धत अशी: आधी छापलेले पूर्ण ६१० लिहा, सगळ्या व्याजाची उपबेरीज करा, त्याखाली पुढची ओळ टाका आणि फरक, म्हणजे ५८.०३, वजा करा.

```
OID Adjustment
```

हे शब्द असेच्या असे. टॅक्स सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय १०९९-ओआयडीच्या पानावर "आकडा बदलायचाय" अशा अर्थाच्या चौकटीमागे लपलेला असतो, शोधा. आणि असं वजा करत असाल तर व्याज १,५०० डॉलरच्या खाली असलं तरी शेड्यूल बी जोडावंच लागतं.

आता राज्याचा टॅक्स. ट्रेझरीच्या व्याजावर कुठलंच राज्य इनकम टॅक्स लावू शकत नाही, स्ट्रिपचं चढतं व्याजही त्यातच आलं. पण सॉफ्टवेअरला हे कळण्यासाठी आकडा रकाना ८ मध्येच टाकावा लागतो. रकाना १ मध्ये टाकलात, किंवा कंटाळा करून साध्या १०९९-आयएनटीच्या व्याजात मिळवून टाकलात, तर फेडरल बरोबर येतं आणि न्यू जर्सीचा टॅक्स फुकट भरता, आणि कोणी तुम्हाला सांगायला येत नाही. कंपनीच्या झिरोला ही सूट नाही.

## टप्पा ६: टॅक्सचे पैसे आणायचे कुठून

बाँड काही देत नाहीये, म्हणजे टॅक्स खिशातून. २४ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये ५५१.९७ वर १३२ डॉलर, हे जाणवत नाही. पण हाच बाँड दोन लाख दर्शनी किमतीचा असता तर वर्षाला १,३२५ डॉलर झाले असते, आणि वर्षअखेरीस भरायचा राहिलेला टॅक्स हजाराच्या वर गेला की कमी भरल्याचा दंड लागू शकतो. (मागच्या वर्षीच्या एकूण टॅक्सइतके पैसे यंदा कापले गेले असतील तर दंड नाही. मागच्या वर्षीचं इनकम दीड लाखाच्या वर असेल तर ११० टक्के लागतात.)

नोकरी असेल तर तिमाही हप्ते भरत बसू नका, ऑफिसात डब्ल्यू-४ बदला. पायरी ४(ए) मध्ये नोकरीबाहेरचं इनकम लिहायची जागा आहे, तिथे वर्षाचा ओआयडी टाकला की पगारातूनच कापलं जातं. दुसरा फायदा असा की पगारातून कापलेला टॅक्स वर्षभर सारखा भरला असं धरतात, म्हणजे ऑक्टोबरमध्ये लक्षात आलं तरी वेळ गेलेली नसते. आकडा दरवर्षी वाढत जाणार आहे, म्हणून डब्ल्यू-४ एकदा बदलून विसरू नका.

## टप्पा ७: दरवर्षी बेसिस वाढवा, नाहीतर दोनदा टॅक्स

माझ्या मते सगळ्यात महाग चूक ही. जेवढा ओआयडी इनकममध्ये दाखवला तेवढी तुमची खरेदी किंमत, म्हणजे बेसिस, वर जाते. एका साध्या शीटमध्ये वर्ष, त्या वर्षीचा ओआयडी, आणि वर्षअखेरचा बेसिस एवढे तीन रकाने ठेवा, आणि रिटर्न भरला त्याच दिवशी ओळ टाका.

का, ते बघा. समजा या जोडप्याला घर घ्यायचं ठरलं आणि १५ ऑगस्ट २०२६ ला बाँड १४,३०० ला विकला. २०२६ चा त्या दिवसापर्यंतचा ओआयडी ३५४.१६, तो त्या वर्षी व्याज म्हणून दाखवावाच लागतो, बाँड विकला तरी. म्हणजे तोपर्यंत एकूण व्याज दाखवलं १,१०९.४९ आणि बेसिस झाला १४,५६८.९२. विक्री १४,३००. तर झाला २६८.९२ चा तोटा, कॅपिटल लॉस, फॉर्म ८९४९ वर.

आता जो माणूस शीट ठेवत नाही तो काय करतो? १४,३०० वजा १३,४५९.४३, नफा ८४०.५७, आणि त्यावर परत टॅक्स. ज्या व्याजावर आधीच टॅक्स भरलाय त्याच्यावरच. खऱ्या हिशोबात तीन वर्षांचं मिळून फक्त ८४०.५७ इनकम आहे, १,१०९.४९ व्याज उणे २६८.९२ तोटा, आणि याने दाखवलं १,९५०.०६.

आणि विक्रीचा १०९९-बी नेहमी वाचवेलच असं नाही. नवीन खरेदीचा बेसिस ब्रोकर ठेवतो, पण जुन्या खरेदीचा किंवा ट्रान्सफर झालेल्या बाँडचा रकाना कोरा असतो किंवा त्यात मूळ किंमतच असते. वर ब्रोकरने ओआयडी त्याच्या पद्धतीने धरलेला असेल आणि तुम्ही OID Adjustment लावून वेगळा दाखवला असेल, तर त्याचा बेसिस तुमच्याशी जुळणारच नाही. तिथे ८९४९ वर तुमच्या शीटमधला आकडा वापरायचा.

मॅच्युरिटीपर्यंत ठेवलात तर सोपं, शेवटच्या दिवशी बेसिस बरोबर २०,००० होतो, मिळतात २०,०००, नफा शून्य.

सावधान: मागची वर्षं ओआयडी दाखवलाच नसेल तर "शेवटी एकदम बेसिस वाढवून टाकू" हे चालत नाही, बेसिसमध्ये तेवढंच मिळवता येतं जेवढं इनकममध्ये दाखवलंय. एक वर्ष राहिलं असेल तर १०४०-एक्स भरून दुरुस्त करा. सलग अनेक वर्षं राहिली असतील तर स्वतः दुरुस्तीला जाऊ नका, सीपीएकडे जा, कारण तिथे हिशोबाची पद्धत बदलण्याचे वेगळे नियम लागू शकतात.

## मुलांच्या नावावर घेतला असेल तर

बरेच जण मुलांच्या कस्टोडियल खात्यात घेतात, "तिला कुठे इनकम आहे" म्हणून. ओआयडी तिथेही चढतो आणि तो मुलीचं इनकम धरला जातो. २०२५ साठी मुलाचं फक्त व्याज-डिव्हिडंडचं इनकम १,३५० डॉलरपर्यंत असेल तर काही भरावं लागत नाही, त्यापुढचे १,३५० मुलाच्या दराने, आणि २,७०० च्या वरचं आईवडिलांच्या दराने, फॉर्म ८६१५ जोडून. आपल्या उदाहरणातले ५५२ आत बसतात. पण तोच बाँड ६०,००० दर्शनी किमतीचा असता तर २०२५ चाच आकडा १,६५६ झाला असता, म्हणजे तिसरीतल्या मुलीचा वेगळा टॅक्स रिटर्न! आणि तिच्या नावावर दुसरं सेव्हिंगचं व्याज असेल तर तेही यातच मोजायचं.

## भारतातली रिइन्व्हेस्टमेंट एफडी

हे विचारलं नाही तरी सांगतो, कारण आपल्यातल्या अर्ध्या लोकांचं इथेच राहून जातं. पुण्यातल्या बँकेत पाच वर्षांची रिइन्व्हेस्टमेंट एफडी आहे, व्याज शेवटीच मिळणार, आणि तुम्ही अमेरिकेचे टॅक्स रेसिडेंट आहात, तर तिच्यावरही हाच नियम. एक वर्षाहून मोठी मुदत आणि व्याज शेवटी, म्हणजे ते ओआयडीच झालं, दरवर्षी चढलेलं व्याज दाखवा. एनआरई खात्यातलं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत नाही. इथे कुठलाही १०९९ येणार नाही, त्यामुळे बँकेकडून दर डिसेंबरअखेर चढलेल्या व्याजाचं स्टेटमेंट मागून घ्या. बँक ३१ मार्चचं देऊन मोकळी होते, तेव्हा "जानेवारी ते डिसेंबरचं हवंय" असं ईमेलमध्ये स्पष्ट लिहा. रुपयाचे डॉलर करताना त्या वर्षाचा सरासरी दर धरा. एनआरओमध्ये टीडीएस कापला असेल तर त्याचं क्रेडिट फॉर्म १११६ वर मागता येतं. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर परदेशी खात्यांची माहिती देणारा एफबारही भरायचा. आणि रक्कम कितीही असो, शेड्यूल बीच्या तिसऱ्या भागात परदेशी खातं आहे का या प्रश्नाला हो म्हणायचं.